सात सवाष्णींचा घाणा

शनिवारी सकाळी सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना आमच्या वाईच्या घरात सात सवाष्णींपैकी चौघी हजर होत्या. उखळ होतं, सुपात गहू आणि हळकुंडं होती, आंब्याची पानं पाण्यात घालून ठेवली होती, हळदीत भिजवून वाळवलेलं सूत होतं. मुसळ मात्र एकही नव्हतं. आणि मागच्या अंगणातून पुऱ्या तळल्याचा खमंग वास येत होता. त्या वेळी पुऱ्या तळायचं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

लग्न चिऊचं, माझ्या दादाच्या मुलीचं. रविवारी सकाळचा मुहूर्त, कार्यालय घेतलेलं, पण घाणा आदल्या दिवशी घरीच भरायचा हे मोठ्या आत्यानं बजावून ठेवलं होतं. मोठी आत्या म्हणजे माझी आणि दादाची आत्या, वय एक्याऐंशी. आमच्या घरातलं प्रत्येक कार्य तिच्या सांगण्यानं होतं. काय आधी, काय नंतर, कुठे विड्याची पानं दोन आणि कुठे पाच, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. कागदावर तिनं कधी काही उतरवलेलं नाही.

घाणा भरणं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे तो असा असतो. दोन लाकडी मुसळं उभी धरून एकत्र बांधायची. बांधायला पिवळं सूत, मध्ये आंब्याची पानं, एक हळकुंड आणि एक सुपारी. उखळात मूठभर गहू आणि हळकुंडं टाकायची. मग सवाष्णींनी ती जोडीची मुसळं मिळून धरायची आणि हलक्या हातानं पाच वेळा कांडायचं. एकीकडे ओव्या म्हणायच्या, पहिली गणपतीला, दुसरी कुलदेवतेला, मग ज्याच्या त्याच्या आठवणीप्रमाणे. पाच घावांत हळकुंड काही फुटत नाही, ते दगडासारखं असतं. त्याचा थोडा भुगा पडतो, तो चिमटीनं उचलून हळदीच्या वाटीत मिसळायचा. वाटीतली बाकीची हळद बाजारातून दळूनच आलेली असते, पण त्या चिमटीमुळे ती घरची होते. चिऊच्या अंगाला लागणारी हळद अशी घरची असावी असं मलाही मनापासून वाटत होतं.

आता मंगळवारकडे जाते, कारण सगळं मंगळवारी दुपारी ठरलं.

मोठी आत्या माजघरात खुर्चीवर बसून याद सांगत होती आणि सोनू ती फोनवर टिपून घेत होता. सोनू चिऊचा धाकटा भाऊ. बेंगळुरूला नोकरी करतो, पंधरा दिवसांची रजा काढून आला होता. बहिणीच्या लग्नात आपल्याला सांगितलेलं एकही काम राहता कामा नये, या एका ध्यासानं तो पहाटेपासून धावत होता. आत्या सांगत होती, अंतरपाटाला पांढरं कापड, मुंडावळ्यांचे दोन जोड, सुपाऱ्या पन्नास, नारळ एकवीस. मग म्हणाली, "शनिवारी सकाळी सातला घाणा. सात सवाष्णी. वेळ चुकवायची नाही. आणि लाकडीच बघ हो, लोखंडी नको."

ती बोलत होती मुसळांबद्दल. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात ऐन वेळी मुसळं मिळाली नाहीत म्हणून कुणीतरी लोखंडी बत्ता आणून त्यावर पानं बांधली होती, ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. पण मुसळ हा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडलाच नाही. घाणा म्हटल्यावर मुसळं आलीच, ती वेगळी सांगायची असतात असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. घरात दोन मुसळं पिढ्यान्‌पिढ्या होतीच. ती नीट बघून ठेव, एवढाच तिचा अर्थ.

सोनूनं ऐकलं ते असं, घाणा, लाकडी, लोखंडी नको. आणि त्याच्यापुरतं हे अगदी नीट जुळत होतं. बेंगळुरूला तो महिन्याला लाकडी घाण्याचं तेल घेतो. लोखंडी यंत्रात दाणा जोरानं दाबला जातो, तेल तापतं, लाकडी घाण्यात ते तापत नाही, हे त्याला दुकानातल्या माणसानं कधीतरी समजावलं होतं. हळदीत तेल कालवतात हेही त्याला ठाऊक होतं. म्हणजे लग्नघराचं तेल सवाष्णींच्या समोर काढायचं, आणि आपल्या आत्याआजीला तेल लाकडी घाण्याचंच चालतं. त्याला या रीतीचं फार कौतुक वाटलं, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

बुधवारी तो स्कूटर काढून निघाला आणि पाचवडच्या रस्त्याला एका तेलघाण्यावर पोचला. आता बैल नाहीत, मोटर आहे, पण उखळ आणि त्यात फिरणारी लाट दोन्ही लाकडाची. मालकानं विचारलं, "दाणे आमचे का तुमचे?" सोनू म्हणाला, घरचं कार्य आहे, तेव्हा आमचेच. "किती घाणे?" सोनूला हा प्रश्न कळला नाही. मालकानं समजावलं. एका वेळी उखळात पंधरा किलो दाणे बसतात, तो एक घाणा. सुरुवातीला दाणे कोरडेच फिरवायचे, मग ओंजळीनं थोडं थोडं पाणी शिंपडायचं, तेव्हा पेंड धरते आणि तेल सुटतं. तासाभरात घाणा उतरतो. पंधरा किलोला सहा किलोच्या आसपास तेल, बाकीची पेंड. सोनूनं पाहुण्यांचा हिशेब केला आणि म्हणाला, तीन घाणे करा. शनिवारी सकाळी सातला पहिला भरायचा, सात सवाष्णी येतील.

मालकाला हे जरा नवीन वाटलं, पण त्यानं काही विचारलं नाही. पुढे भेटला तेव्हा म्हणाला, "म्हटलं, असंल तुमच्यात तशी पद्धत."

हे वाक्य त्या चार दिवसांत आमच्या घरात आणि घराबाहेर किती जणांच्या मनात येऊन गेलं, ते मी नंतर एकेकाला विचारून गोळा केलंय. गुरुवारी पंचेचाळीस किलो शेंगदाणे दोन पोत्यांतून घरी आले आणि पडवीत कोठीच्या दाराशी ठेवले गेले. दादानं पाहिले. त्याला वाटलं, आचाऱ्यानं मागवलेत. आचारीबुवांनी पाहिले. त्यांना वाटलं, वहिनीच्या माहेरी रुखवतात दाण्याचे लाडू मोठ्या प्रमाणावर देत असतील. वहिनीचं माहेर अमरावतीचं. तिनं पोती पाहिली आणि तिला वाटलं, सासरच्यांची काहीतरी दाण्याची रीत आहे, आपल्या लग्नात राहिली असेल, विचारलं तर मोठ्या आत्याला वाईट वाटेल. मीसुद्धा त्या पोत्यांना वळसा घालून चार वेळा आत-बाहेर केलं आणि दादाकडचा कुणीतरी आहेर असेल असं समजून पुढे गेले. लग्नघरात दोन घरांच्या, दोन गावांच्या रीती एकत्र येतात, आणि माणसं एकमेकांचा मान राखायला बघतात. त्यामुळे न कळलेली प्रत्येक गोष्ट समोरच्याची पद्धत म्हणून आदरानं मान्य होते. कुणी आडदांड असता तर त्यानं गुरुवारीच विचारलं असतं की हे दाणे कशाला.

शुक्रवारी रात्री सोनू आचारीबुवांकडे गेला. त्याला वाटलं, तेल घाण्याचं येणार तर स्वयंपाकघराला आधी कळायला हवं. तो म्हणाला, "काका, उद्या सकाळी सातला घाणा आहे. सात सवाष्णींचा. आत्याआजी म्हणाल्यात, वेळ चुकवायची नाही."

आचारी माणसाच्या तोंडी घाणा म्हणजे काय, हे ज्यांनी तळणीजवळ उभं राहून पाहिलंय त्यांना लगेच कळेल. कढईत एका वेळी मावतील तेवढ्या पुऱ्या म्हणजे एक घाणा. पहिला घाणा जरा तेलकट उतरतो, दुसऱ्यापासून रंग धरतो, ही त्यांची रोजची भाषा. त्यांनी अर्थ लावला, सात सवाष्णींना सकाळी पुरीचं ताट द्यायचं आहे आणि प्रत्येकीच्या नावानं एक घाणा काढायचा आहे. त्यांच्या मोठ्या कढईत एका घाण्याला पंचवीस पुऱ्या बसतात. सात पंचवीस पावणेदोनशे. सात जणींना पावणेदोनशे पुऱ्या कशाला, असं त्यांच्या मनात आलं. पण पाठोपाठ तेच वाक्य आलं, असेल यांच्यात तशी पद्धत. त्यांनी उपम्याचा रवा बाजूला ठेवला, पहाटे साडेपाचला कणीक घट्ट भिजवून घेतली, साडेसहाला चूल पेटवली आणि कणकेची गोळी टाकून तेल पाहिलं. गोळी तळाशी जाऊन लगेच वर आली तशी पहिली पुरी सोडली. घड्याळ लावून काम करणारा माणूस तो, सातच्या आत तीन घाणे उतरवून ठेवले होते त्यांनी.

तर शनिवार. सव्वासहाला दारात जीप उभी. सोनूनं अंगणातून हाक दिली, "घाण्याला जाणाऱ्या सवाष्णींनी बसून घ्या." अमरावतीच्या दोन्ही मावश्या आणि मामी पहाटेच नऊवारी नेसून, नथ घालून तयार होत्या. पाहुणे म्हणून आलेल्यांना आपल्यामुळे उशीर नको असं फार वाटतं. तिघी जीपमध्ये बसल्या. आरतीचं तबक थोरल्या मावशीच्या हातात. बाकीच्या चौघी, म्हणजे मी, दोन चुलत वहिन्या आणि शेजारच्या काकू, अजून केसांत गजरे माळत होतो. सोनू म्हणाला, "तुम्ही मागच्या फेरीला या, जीप परत पाठवतो." मी आतून हो म्हटलं. मला वाटलं, मंडळी आधी ढोल्या गणपतीच्या दर्शनाला निघालीयत. घाण्याला हा शब्द मी ऐकलाच नव्हता.

पुढचं थोरल्या मावशीनं सांगितलेलं, तिच्याच शब्दांत सांगितलेलं बरं. "आम्ही उतरलो बाप्पा, तर समोर पत्र्याची शेड. आत मोठं लाकडाचं उखळ, त्यात दाणे भरलेले. धाकटी म्हणे, ताई, आपल्याकडे तर घरीच जात्यावर हळद दळतात. मी म्हटलं, गप, इकडची रीत असन. मानाचं बोलावलं आहे, नीट कर." आणि तिघींनी खरंच नीट केलं. त्या उखळाला हळदीकुंकू वाहिलं, लाटेला मोटरीपासून लांब बघून सुताचे पाच वेढे दिले, समोर नारळ ठेवला, ओवाळलं. घाणेवाल्यानं मोटर बंद ठेवून डोक्यावर टोपी घातली आणि हात जोडून उभा राहिला. त्याच्या घाण्याची अशी पूजा दसऱ्याशिवाय कधी झाली नव्हती. त्याला भरून आलं होतं. सोनू फोटो काढत होता.

तिकडे हे चाललं असताना इकडे मोठ्या आत्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुसळं आणा."

वहिनी मागच्या पडवीत गेली. मुसळं कोपऱ्यात नव्हती. दादा माळ्यावर चढला, तिथेही नव्हती. मार्चमध्ये घर रंगवून घेतलं तेव्हा पडवी रिकामी केली होती, एवढंच सगळ्यांना आठवत होतं. आत्या म्हणाली, "सोनूला मी मंगळवारीच सांगितलं होतं बघून ठेव म्हणून. कुठाय तो?" कुणीतरी म्हणालं, तीन सवाष्णी घेऊन गेलाय. "कुठे?" ते कुणालाच सांगता येईना. तेवढ्यात आचारीबुवा हात पुसत माजघराच्या दारात आले आणि अदबीनं म्हणाले, "मोठ्या बाई, सातवा घाणा कढईत सोडतोय. सवाष्णींना बसवून घ्या."

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. तिचा चेहरा मी आजवर असा कधी पाहिला नव्हता. रागावलेली नव्हती ती. एक्याऐंशी वर्षांत प्रत्येक कार्याचं सूत्र हातात ठेवलेल्या बाईला पहिल्यांदाच कळत नव्हतं की आपल्याच घरात काय चाललंय. "सातवा?" ती म्हणाली. "सहा कुणी भरले?"

तेव्हाच दादाचा फोन वाजला. सोनू. "बाबा, आत्याआजींना सांगा, पूजा झाली, दाणे भरून तयार आहेत, मोटर चालू करू का उरलेल्या चौघींसाठी थांबू?"

दादानं फोन स्पीकरवर टाकला होता. माजघरात एकदम शांतता झाली. मग आत्या सावकाश म्हणाली, "सोनू, बाळा, तू आहेस कुठे?"

"घाण्यावर."

"कसल्या घाण्यावर?"

"तेलाच्या. लाकडीच आहे आत्याआजी, तुम्ही म्हणालात तसा. लोखंडी अजिबात नाही."

त्याच्या आवाजात इतकी खात्री आणि इतकं प्रेम होतं की पटकन कुणाला काही बोलवेना. हसू आलं ते चिऊला. ती खांबाला धरून खाली बसली, आणि मग आम्हा सगळ्यांचाच बांध फुटला. आत्या मात्र हसत नव्हती. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. सात वाजून बारा मिनिटं झाली होती आणि मुसळं नव्हती.

वाट काढली ती घाणेवाल्याच्या आईनं. ती शेडमागच्याच घरात राहते. पूजेचा गलबला ऐकून ती बाहेर आली होती, नथ घातलेल्या तीन बायका आणि सुतानं गुंडाळलेली लाट पाहून थबकली होती, आणि सोनूच्या फोनवरचं बोलणं ऐकून तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. तिनं सोनूच्या हातातून फोन घेतला. आम्हाला तिचा ठणठणीत आवाज ऐकू आला. "आवं बाई, पोराला बोलू नगा. त्यो लग्नाचा घाणा, ह्यो तेलाचा घाणा. पोराला काय म्हाईत? मुसळं न्हाईत का तुमच्याकडं? माझ्याकडं हायती. मी घिऊन येती. तवर उखळ पुसून ठिवा."

आठ वाजायला आले तेव्हा जीप परत दारात थांबली. पुढे सोनू, त्याचं तोंड इतकंसं झालेलं. मागे तीन मावश्या-मामी आणि त्यांच्या मध्ये ती आजी. तिच्या मांडीवर आडवी दोन मुसळं. वर्षानुवर्षं हात लागून मधोमध गुळगुळीत झालेली, टोकांना लोखंडी कडी बसवलेली. आत्यानं ती हातात घेतली, कडी पाहिली, आणि लाकूड हातानं चाचपून म्हणाली, "लाकडीच हो." मग सोनूला जवळ बोलावून तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "माझ्याच तोंडून अर्धं राहिलं रे," एवढंच म्हणाली.

घाणा भरायला बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. ओव्या कुणालाच येत नव्हत्या. मला दोन येतात, त्याही अर्ध्या. मोठी आत्या उंबऱ्याच्या आत तिच्या खुर्चीवर बसली होती. काका गेल्यापासून ती घाण्याला हात लावत नाही, लांबून सांगते. मला हे कधीच पटलेलं नाही आणि मी तिला तसं सांगितलेलंही आहे. ती ऐकत नाही. घाणेवाल्याची आईही उखळाजवळ न येता तिच्याच शेजारी जाऊन बसली, आणि दोघींना एकमेकींचं न सांगता कळलं. आम्ही सात जणींनी मुसळं धरली. आजीनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओवी गणपतीची. दुसरी आत्यानं उचलली, कुलदेवतेची. तिसरी आजीची, चौथी आत्याची. चाल थोडी वेगळी होती, एकीची लांब, एकीची तुटक, पण घावाच्या जागी दोघी बरोबर येत होत्या. पाच घाव कधीच झाले होते. कुणी थांबायला तयार नव्हतं. चिऊच्या आजोबांचं नाव ओवीत आलं तेव्हा दादा उठून बाहेर गेला.

मग चिऊ उठली. तिनं आमच्या हातांतून मुसळांची जोडी सोडवून घेतली, ती उंबऱ्यापाशी नेली आणि दोघींपुढे उभी धरली. आत्या म्हणाली, "अगं, सात झाल्या ना?"

"झाल्या. तुम्ही दोघी वरच्या."

आत्यानं एकदा आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "धरा की. कांडायला उखळ कुठंय हितं?" आणि दोघींनी हात ठेवला, नुसता ठेवला. तेवढं झालं आणि चिऊनं मुसळं परत आणून उखळात टेकवली.

आचारीबुवांच्या पुऱ्या तोवर परातीत निवत होत्या. पुरी निवली की मऊ पडते, तिचा फुगा बसतो, त्यामुळे ते अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत होते. बटाट्याची भाजी त्यांनी पाऊण तासात उभी केली आणि पडवीत पंगत बसली. घरात माणसं तीस-पस्तीस. पावणेदोनशे पुऱ्यांतली एकही उरली नाही. आजीला आणि घाणेवाल्याला पहिल्या पानावर बसवलं होतं. आजीनं एक पुरी हातात धरून उजेडात पाहिली आणि आचाऱ्याला म्हणाली, "घाणा झ्याक उतरलाय." आचारीबुवांना त्या दिवसात मिळालेली ती सर्वांत मोठी दाद असावी.

मी जेवताना त्याच शब्दाचा विचार करत होते. वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, शब्दांशी झुंजणारी माणसं या गावानं पुष्कळ पाहिली आहेत, आणि इथेच आम्ही एका शब्दावरून तीन दिशांना गेलो होतो. पण तिन्ही ठिकाणी मला एकच चित्र दिसायला लागलं. तेल्याच्या उखळात एका वेळी मावतील तेवढे दाणे, कढईत एका वेळी मावतील तेवढ्या पुऱ्या, आणि लग्नाच्या उखळात टाकलेली ती मूठभर हळकुंडं आणि गहू. तिन्हीकडे भरायचाच असतो घाणा. लग्नाच्या घाण्याला हे नाव कसं पडलं याचा शोध मी घेतलेला नाही, पण आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उखळात घातलं आन् वरनं रेटलं, की झाला घाणा." मला ते पटलं.

आमची मुसळं दुपारी सापडली. रंगाऱ्यांनी परांचीखाली टेकू म्हणून ती वापरली होती आणि काम संपल्यावर परसात जो फुटक्या कौलांचा, विटांचा ढीग टाकला होता त्यात ती पडलेली होती. कचरा उचलणारा ट्रॅक्टर सोमवारी यायचा होता. सोनूनं ती उपसून काढली, धुतली, पुसून आत्यापुढे आणून ठेवली. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली, आणि सकाळपासून दाबून धरलेलं हसू आता तिला आवरेना. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली ती. "मुसळ केरात म्हणतात ते म्हणतात," ती म्हणाली, "मी आज डोळ्यांनी पाहिलं."

राहता राहिलं तेल. दाणे उखळात भरून झाले होते, पूजा झाली होती, तेव्हा ते परत पोत्यात भरायला मावश्या तयार नव्हत्या. घाणेवाल्यानं दिवसभरात तीनही घाणे काढले. अठरा किलो तेल आलं, वर पेंडीची दोन पोती, ती त्यानं त्याच्याच गोठ्याला ठेवून घेतली. लग्नाच्या स्वयंपाकात ते तेल वापरायला आचारीबुवांनी साफ नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं. ताजं काढलेलं तेल गढूळ असतं, त्यात दाण्याचा बारीक चोथा आणि किंचित पाणी राहतं. ते कढईत फेसाळून वर येतं आणि तळणाऱ्याच्या हातावर उडतं. दोन-चार दिवस भांडं न हलवता ठेवायचं, खाली गाळ बसला की वरचं निवळ तेल अलगद ओतून घ्यायचं. एवढा वेळ कुणाला होता? शेवटी सोनूनंच अर्ध्या किलोच्या बाटल्या आणल्या. छत्तीस बाटल्या भरल्या. झाकणाला पिवळं सूत गुंडाळलं, त्यात एक आंब्याचं पान खोचलं, आणि निघताना वरपक्षाच्या प्रत्येक घराला एक एक दिली. देताना तो प्रत्येकाला सांगत होता, "चार दिवस हलवू नका, मग वरचं वरचं वापरा." आदल्या दिवशीची हकिकत सांगायला त्या गर्दीत कुणालाच सवड झाली नाही. वरपक्ष नाशिकचा. त्यांनी बाटल्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि कपाळाला लावल्या.

चिऊच्या नणंदेचं लग्न डिसेंबरात ठरलं. ऑक्टोबरात एका संध्याकाळी विहीणबाईंचा फोन दादाच्या घरी आला. मोठी आत्या तेव्हा तिथेच होती. विहीणबाई फार हौशी आणि फार मनाच्या चांगल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडचं ते घाण्याच्या तेलाचं आम्हाला इतकं आवडलं, आमच्या मुलीच्या लग्नात आम्हीही करायचं ठरवलंय. इथे एक लाकडी घाणा मिळालाय. चिऊ म्हणाली, त्याची पूजाही असते, अमरावतीच्या मावशीनं तिला सगळं सांगितलंय. फक्त एक विचारायचं होतं. घाण्यावर सवाष्णी किती न्यायच्या?"

वहिनीनं फोनवर हात ठेवला आणि आत्याकडे पाहिलं. आत्यानं क्षणभर विचार केला. मग हात पुढे करून फोन मागून घेतला.

"सात," ती म्हणाली. "आणि लाकडीच बघा हो, लोखंडी नको."